भीती बधिर होणं वेगळं, भीती ओसरणं वेगळं

समजा, डिचोलीचा एक लाजाळू तरुण वेर्ण्याच्या एका कंपनीत नुकताच लागलाय. शनिवारी ऑफिसातली मंडळी त्याला पणजीत जेवायला घेऊन जातात. पहिला अर्धा तास तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. मग फेणी येते, आणि दुसऱ्या पेगला तो गावच्या जत्रेतल्या नाटकाचे किस्से रंगवून सांगू लागतो. त्याला वाटतं, आपली भीड चेपली. खरं तर त्याची भीती फक्त बधिर झालेली असते.

मेंदूत पेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं आणि त्यांना चेतवणारं ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. त्यामुळे 'मी बोललो आणि लोक हसले तर?' हा विचार आला तरी तो टोचत नाही. पण त्याच वेळी मेंदू तोल सावरायला लागतो. दारू शांत करतेय म्हटल्यावर तो स्वतःहून चेतना वाढवतो, आणि दारू उतरली तरी ही वाढवलेली चेतना लगेच खाली येत नाही.

याचा हिशेब मांडता येतो. फेणीत साधारण 42 टक्के मद्यार्क असतो, म्हणजे 60 मिलिच्या एका पेगात सुमारे 20 ग्रॅम. तीन पेगांचे झाले 60. शरीर तासाला ढोबळमानाने सात-आठ ग्रॅमच निकालात काढतं (माणसागणिक थोडा फरक पडतो). आठ वाजता सुरुवात केली, तर दारू पुरती उतरायला पहाटेचे चार वाजतात. नेमकी त्याच सुमाराला जाग येते. छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, आणि मन कारण शोधायला लागतं: 'तो किस्सा जरा जास्तच झाला का? मॅडम हसल्या नाहीत.' आठवणीत मधेमधे भोकं असतात आणि लाजाळू माणूस ती भोकं सर्वांत वाईट शक्यतेने भरतो. म्हणून ही सकाळ त्यालाच अधिक जड जाते.

ही धाकधूक आणि खरा पश्चात्ताप यांतला फरक ओळखता येतो. धडधड आधी आली आणि कारण नंतर सापडलं, कारणं सारखी बदलतायत, आणि संध्याकाळपर्यंत सगळं आपोआप निवळलं, तर ते बहुधा रसायनांचंच काम. अशा सकाळी दहा जणांना 'काल माझं काही चुकलं का?' असे मेसेज पाठवू नयेत. काही खरंच चुकल्याची शंका असेल, तर विश्वासातल्या एकालाच दुपारनंतर, एकदाच विचारावं.

मला यातलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं ते श्रेयाचं. किस्सा त्याने स्वतः सांगितला होता, सांगायची हातोटीही त्याचीच, पण मनात नोंद होते ती 'फेणीमुळे जमलं' अशी. मग पुढच्या शनिवारी तो पहिला अर्धा तास तितकाच अवघड जातो, आणि सवय झाल्यावर दोन पेगही पुरेनासे होतात.

भीती ओसरते ती वेगळ्या वाटेने. ती खोटी ठरताना शुद्धीत असलेल्या मनाला दिसावी लागते. तेच टेबल, हातात लिंबू सोडा. निघण्यापूर्वी काय होईल असं वाटतंय ते नेमकं लिहून ठेवायचं: 'मी काही विचारलं तर शेजारचा तुटक उत्तर देऊन तोंड फिरवेल.' मग काम एवढंच, की शेजाऱ्याला एक प्रश्न विचारायचा आणि त्याच्या उत्तरातूनच दुसरा काढायचा. लक्ष स्वतःच्या कापऱ्या आवाजावर न ठेवता तो काय म्हणतोय यावर ठेवायचं. छाती धडधडेल, ती धडधडू द्यायची. भीती ऐन भरात असताना उठून जायचं नाही, कारण तसं गेलं की 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच मन शिकतं. घरी आल्यावर लिहिलेलं आणि घडलेलं शेजारी ठेवून बघायचं. हे दोन-तीनदा सुसह्य झालं की मग चार जणांत छोटा किस्सा.

इथे बरेच जण एका ठिकाणी अडकतात. पेग सोडतात, पण मोबाइल धरून ठेवतात किंवा घरून पाठ केलेली वाक्यं म्हणतात. तोही आधारच, आणि श्रेय पुन्हा त्यालाच जातं. प्रगती मोजायची तर तो पहिला अर्धा तास बघावा: शनिवारागणिक तो थोडा थोडा सोपा होत असेल, तर भीड खरोखर चेपतेय. एखादी संध्याकाळ वाईट गेली म्हणून हिशेब बिघडत नाही.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडू नये. हात थरथरणं, घाम, क्वचित फिट येण्यापर्यंत मजल जाते. आधी डॉक्टरांना भेटावं. भीतीमुळे नोकरी किंवा शिक्षणच अडत असेल, तर बांबोळीच्या मनोरुग्णालयात दाखवता येतं किंवा टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.