लशींची शीतसाखळी (सोलापूर जिल्हा)

लस कारखान्यातून निघाल्यापासून बाळाला टोचेपर्यंत ठरलेल्या तापमानात ठेवण्याच्या व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी आयएलआर या खास फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला असतात. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून सगळी धास्ती उन्हाची असते. प्रत्यक्षात गोठण्याने होणारे नुकसान जास्त फसवे असते.

पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी, पीसीव्ही या लशींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की त्यांच्या गुठळ्या होतात आणि वितळल्यावरही लशीची ताकद परत येत नाही. कुपीवरचा व्हीव्हीएम चौकोन उष्णतेने रंग बदलतो, गोठण्याने नाही. म्हणून कुपी वरून ठणठणीत दिसते.

समजा, मे महिन्यात मंगळवेढ्याकडच्या एखाद्या केंद्रात उकाड्याच्या भीतीने कोणी थर्मोस्टॅट जास्त थंडाव्याकडे फिरवला. सकाळी नऊला थर्मामीटर ३ अंश दाखवतो, दुपारी चारला ४. वहीत दोन्ही नोंदी निर्दोष. सतत तापमान नोंदवणारा डेटा लॉगर मात्र रात्री दीड ते चार उणे १.२ अंश दाखवतो. आरोग्य केंद्रांतल्या नेहमीच्या तीसदिवसीय लॉगरचा गजर ८ अंशांच्या वर सलग दहा तास गेल्यावर वाजतो, पण उणे ०.५ वर किंवा त्याखाली एका तासातच. उष्णतेला मिळणारी सवलत थंडीला नाही, ती यासाठीच.

अशा वेळी गोठण्याने बिघडणाऱ्या कुप्या ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या, पण २ ते ८ अंशांतच ठेवतात आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवतात. तोंडावाटे द्यायचा पोलिओ आणि गोवर-रुबेला या लशी गोठण्याने बिघडत नाहीत, त्यामुळे त्या या यादीत येत नाहीत. घट्ट गोठलेली कुपी थेट बाद होते. शंका असेल तर शेक टेस्ट करतात. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवायची, संशयित कुपीसोबत हातात धरून हलवायची आणि दोन्ही टेबलावर ठेवून अर्धा तास पाहायचे. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतकाच किंवा त्याहून लवकर बसला तर ती बॅच वापरायची नाही; सावकाश बसला तर चालते. इंजेक्शनच्या पोलिओ लशीत ॲल्युमिनियम नसते, त्यामुळे तिला ही चाचणी लागू होत नाही.

वरून झाकण उघडणाऱ्या जुन्या धाटणीच्या आयएलआरमध्ये तळ सर्वांत थंड असतो. म्हणून गोठण्याने बिघडणाऱ्या कुप्या वरच्या टोपलीत ठेवतात. गावोगावच्या सत्रासाठी व्हॅक्सिन कॅरिअर भरताना आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढल्याबरोबर घालायचे नसतात. हलवल्यावर आत पाणी खुळखुळले की मगच घालायचे. घाईच्या सकाळी हीच पायरी गळते.

तापमान दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही, वहीत लिहून सही करतात. वीज किती वेळ गेली तेही लिहितात. महिनाभर ‘४, ४, ४’ अशी सरळ रांग दिसली तर तपासणाऱ्याने आयएलआरचे कौतुक करण्याआधी लॉगरचा आलेख उघडावा, कारण झाकण रोज उघडणाऱ्या फ्रिजचे आकडे थोडे तरी हलतातच.