पुरुषमैत्रीतील शारीरिक जवळीक

मित्राचा हात धरणे, गळ्यात हात टाकणे, एका अंथरुणात झोपणे अशा वागण्यातून दिसणारा पुरुषांमधला स्नेह. अशी जवळीक म्हणजे प्रेमसंबंध, हे समीकरण फार जुने नाही. पश्चिमेत ते साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ झाले.

एप्रिल १८३७ मध्ये अब्राहम लिंकन वकिली करायला अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी आले. जोशुआ स्पीड यांच्या दुकानात त्यांनी एकट्यापुरत्या गादी-पांघरुणाचा भाव विचारला. सतरा डॉलर! तेवढे खिशात नव्हते, म्हणून त्यांनी उधारी मागितली. स्पीड म्हणाले, माडीवर माझा रुंद पलंग आहे, त्यावरच झोपा. लिंकननी खोगिराच्या पिशव्या वर नेऊन टाकल्या, खाली आले आणि हसत म्हणाले, झालो राहायला. पुढे जवळजवळ चार वर्षे दोघे त्या पलंगावर झोपत, आणि काही काळ त्याच खोलीत आणखी दोघे असत. कोणी काही लपवले नाही, कारण पलंगांची टंचाई असलेल्या त्या भागात लपवण्यासारखे काही नव्हते. आज हाच पलंग पुराव्यासारखा पुढे केला जातो. त्यांच्यात काय होते यावर वाद आहे, पण निव्वळ पलंगावरून काहीच ठरत नाही.

मधल्या काळात बदलली ती पाहणाऱ्याची नजर. आधी कायदा विशिष्ट कृत्याला शिक्षा देई. समलिंगी माणूस असा वेगळा 'प्रकार' दाखवणारा शब्द युरोपात छापला गेला तो १८६९ मध्ये. ब्रिटनच्या १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधले 'असभ्य वर्तन' एवढ्या मोघम शब्दांत गुन्हा ठरवला. १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्ड यांच्या खटल्यांत त्यांचे खासगी पत्र न्यायालयात वाचले गेले आणि याच कायद्याखाली त्यांना दोन वर्षे सक्तमजुरी झाली. त्यानंतर मित्राला जिव्हाळ्याने लिहिणेही जोखमीचे वाटू लागले. धाक मुळात समलिंगी माणसांसाठी होता. बाकीचे पुरुषही त्यात आखडले.

या आखडण्याची किंमत किती, हे निओबी वे या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अमेरिकेतल्या मुलाखतींत दिसते. तेरा-चौदाचे मुलगे जिवलग मित्राबद्दल मोकळेपणाने बोलत. सोळा-सतराचे झाल्यावर तेच मुलगे अंतर राखू लागत आणि 'मी तसला नाही' अशी पुस्ती जोडत. अमेरिकेत जवळचा एकही मित्र नसलेले पुरुष १९९० मध्ये ३ टक्के होते, २०२१ च्या पाहणीत १५ टक्के. सगळा दोष या भीतीचा नव्हे. कामाचे तास आणि गाव बदलणेही त्यात आलेच.

महाराष्ट्रात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ इंग्रजांच्या काळापासून होते, तरी जत्रेत करंगळीत करंगळी अडकवून फिरणाऱ्या दोस्तांना कोणी हटकत नसे. शहरी कॉलेजांत मात्र आता 'सोड ना, लोक बघतायत' हे सहज ऐकू येते. तिथली मिठीही ओळखता येते: खांद्याला खांदा टेकतो, छाती लांब राहते आणि पाठीवर दोनदा जोरात थोपटले जाते.