बेळगावचा मास्टर प्लॅन: हरकत कोणी, कधी आणि कोणत्या कागदांनिशी द्यावी

शहराचा मास्टर प्लॅन कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, 1961 याप्रमाणे तयार होतो. बेळगावात हे काम नगरविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे आपण ज्याला बुडा म्हणतो त्याच्याकडे आहे, आणि किमान दहा वर्षांतून एकदा आराखड्याची फेरतपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. मसुदा शासनाकडून परत आल्यावर बुडा तो अधिसूचनेद्वारे प्रसिद्ध करते आणि त्या दिवसापासून 60 दिवस नागरिकांना लेखी म्हणणे मांडता येते. ही मुदत आपल्याला बातमी कळल्यापासून नव्हे, तर प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजायची असते.

हरकत कोणीही देऊ शकतो. कलम 13 मध्ये जमिनीच्या मालकीची अट नाही, त्यामुळे कुळाने शेत कसणारा, भाड्याने राहणारा किंवा एखादे मंडळ यांचे म्हणणेही विचारात घ्यावेच लागते.

बहुतेक लोक रंगीत नकाशात आपला सर्व्हे नंबर शोधतात, त्यावर कोणता रंग पडला ते पाहतात आणि तेवढ्यावरच अर्ज लिहितात. माझ्या मते इथेच हरकत कमकुवत होते. नकाशासोबत चार गोष्टी प्रसिद्ध करणे कलम 12 प्रमाणे आवश्यक असते: पाहणीचा अहवाल, तरतुदींचे स्पष्टीकरण, प्रत्येक वापर-विभागाचे नियम आणि आराखडा कोणत्या टप्प्यांनी अमलात येणार याचा अहवाल. यांपैकी पहिला आणि शेवटचा अहवाल आधी मागून घ्यावा, कारण चुकीचे मूळ पहिल्यात असते आणि तिचा परिणाम शेवटच्यात दिसतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, शहापूर-वडगाव शिवारात बळ्ळारी नाल्याजवळ एका कुटुंबाची दोन एकर भातजमीन आहे. पाहणी उन्हाळ्यात झाली. सुगी संपलेली होती आणि शेत कोरडे होते, म्हणून सद्यस्थितीच्या नकाशात ते ‘मोकळी जागा’ असे नोंदले गेले. मोकळी जागा म्हणून तिथे निवासी विभाग आला आणि निवासी विभाग म्हणून 24 मीटर रुंदीचा रस्ता आखला गेला. तो शेतातून 110 मीटर जात असेल, तर 2,640 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 26 गुंठे जमीन त्याखाली जाते. दोन एकरांचे 80 गुंठे धरले, तर हा जवळजवळ एक तृतीयांश भाग झाला.

या कुटुंबाने ‘आमची जमीन जाते’ एवढेच लिहिले, तर ते प्रत्येक बाधित मालकाचे म्हणणे असते आणि त्याला ठरावीक उत्तर मिळते. त्याऐवजी पाहणीतली नोंदच चुकीची आहे, हे दाखवावे. त्यासाठी पीकनोंद असलेले मागील काही वर्षांचे आरटीसी उतारे, सर्व्हे नकाशाची प्रत आणि ऑगस्ट 2019 च्या पुरात नुकसान झाले असल्यास त्याचा पंचनामा जोडावा. पावसाळ्यात पाणी कुठवर येते, ते प्रसिद्ध नकाशाच्या प्रतीवर रेघ ओढून दाखवावे, कारण उन्हाळ्यात मोजलेला नाला नेहमीच अरुंद दिसतो. शेवटी नेमकी मागणी लिहावी: अमुक सर्व्हे नंबरची नोंद शेती अशी दुरुस्त करावी आणि रस्त्याची आखणी बदलावी.

अर्जावर नाव, पत्ता, सर्व्हे नंबर, हिस्सा आणि गावाचे नाव असावे. शहरातील मिळकत असल्यास महापालिकेचा मिळकत क्रमांक द्यावा. अर्ज दोन प्रतींत देऊन एकीवर तारीख व शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच नसेल, तर मुदतीत अर्ज दिला हे पुढे सिद्ध करता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार तक्रार निवारणाचे निवेदन मराठीतून देण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो जरूर वापरावा, मात्र सोबत कन्नड प्रत जोडल्यास तपासणारा अधिकारी आपला मुद्दा थेट वाचू शकतो.

टप्प्यांच्या अहवालाकडे उद्यान किंवा मैदान हवे असलेल्या वस्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली जमीन आराखडा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत संमतीने घेतली गेली नाही किंवा संपादन सुरू झाले नाही, तर कलम 69 प्रमाणे ते आरक्षण संपते. म्हणून नकाशावर हिरवा रंग दिसला तरी ते मैदान पहिल्या टप्प्यात आहे का आणि जमीन घेण्याचा खर्च कोणाकडे आहे, हे तपासावे. ते शेवटच्या टप्प्यात ढकललेले असेल, तर हरकतीत जागेइतकाच क्रम बदलण्याचा आग्रह धरावा.

बुडा सर्व हरकतींचा विचार करून आपल्या शिफारशींसह मसुदा नगर नियोजन संचालकांमार्फत पुन्हा शासनाकडे पाठवते. अंतिम मंजुरीनंतरचा आराखडा कार्यालयात कायम पाहण्यास ठेवावा लागतो. तिथे जाऊन आपला नंबर पुन्हा पाहावा. त्यानंतर जमीनवापर बदलण्यासाठी कलम 14-अ चा वेगळा मार्ग उरतो, पण त्यात वृत्तपत्रातील जाहीर नोटीस आणि विहित शुल्क येते.