बॉटने भरलेला फॉर्म आणि माणसाने चिकटवलेलं उत्तर

ऑनलाइन सर्वेक्षणात खुल्या प्रश्नाखाली गुळगुळीत परिच्छेद दिसला, की ‘बॉट आलेत’ म्हणत अख्खी नोंद उडवतात. हे बघून मी कंटाळलो आहे. मजकूर यंत्राने लिहिलेला असणं वेगळं आणि फॉर्म यंत्राने भरलेला असणं वेगळं.

बॉट सगळ्यांना माहीत आहे: स्क्रिप्ट फॉर्म उघडते, पर्याय टिचकवते, मानधन उचलते. त्याला पकडायला कॅप्चा लावणं, एकाच आयपीवरून आलेले ढीगभर फॉर्म शोधणं, हे नेहमीचंच.

दुसऱ्या प्रकारात माणूस खरा असतो, फक्त लिहायचा कंटाळा करतो. 2023 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी, मेकॅनिकल टर्क या पैसे घेऊन छोटी ऑनलाइन कामं करायच्या अ‍ॅमेझॉनच्या साइटवरच्या 44 जणांना वैद्यकीय गोषवाऱ्यांचे सारांश लिहायला दिले. त्यांपैकी 33 ते 46 टक्के जणांनी भाषा-मॉडेल वापरलं असावं, असा अंदाज निघाला.

दोन्हीकडे मजकूर सारखाच असतो, म्हणून नुसता वाचून फरक कळत नाही. उत्तर चौकटीत कसं आलं, ते बघावं लागतं. समजा प्रश्न आहे, ‘मागच्या एसटी प्रवासात काय खटकलं?’ दोन उत्तरं आली, दोन्ही 400 अक्षरांची, दोन्हींत गर्दी, वेळापत्रक, स्वच्छता त्याच क्रमाने. कुठल्या स्टँडवर, कुठली गाडी, याचा पत्ता नाही. पहिल्याने पान 2 सेकंदांत सोडलं, एकही कळ दाबली नाही आणि डोळ्यांना न दिसणारी, फक्त पानाच्या कोडमध्ये ठेवलेली चौकटही भरली. हा बॉट. दुसरा 90 सेकंद थांबला, दोनदा दुसऱ्या टॅबवर जाऊन आला, मग एकदाच पेस्ट केलं. लपवलेली चौकट रिकामी. हा माणूस.

पेस्ट दिसलं म्हणजे चोरी पकडली, असंही नाही. मराठीत कित्येक जण फोनवर बोलून टाइप करतात, तेव्हाही मजकूर एकदम येऊन पडतो. म्हणून मी त्याच माणसाची बाकीची खुली उत्तरं शेजारी ठेवतो. बोलून लिहिणाऱ्याच्या वाक्यांत ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ आणि गावाचं नाव येतं.

एआय-डिटेक्टरच्या टक्क्यांवर मात्र कुणाची नोंद काढू नका. 2023 च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात अशा साधनांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, माणसांनीच लिहिलेले, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठीचे निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले होते.

बॉटची नोंद पूर्ण जाते, त्याचे पर्यायी प्रश्नही. चिकटवणाऱ्याचं खुलं उत्तर मी वगळतो. लक्ष-तपासणीचे प्रश्न आणि लागलेला वेळ ठीक असेल तर त्याचे बाकीचे आकडे ठेवतो. अहवालात दोन्हींची संख्या वेगवेगळी देतो. कळा एकेक दाबून माणसासारखं टाइप करणारे एआय-एजंट आता बनवता येतात. ते कळा, पेस्ट आणि वेळेच्या या खुणांवरून सापडत नाहीत. तिथे मी काही जणांना फोन करून तोच एसटीचा प्रश्न पुन्हा विचारतो.