पाय मुरगळला: एक्स-रे कधी काढायचा?

पाऊस लागला की मुंबईत पाय मुरगळलेल्यांची संख्या वाढते. उखडलेले पेव्हर ब्लॉक, साचलेल्या पाण्याखाली न दिसणारा फुटपाथचा काठ, रेल्वेपुलाची ओली शेवटची पायरी, यांपैकी कशावरून तरी पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि पाच मिनिटांत बाहेरचा घोटा टम्म फुगतो. मग आजूबाजूची माणसं परीक्षा घेतात. "बोटं हलव बरं. हलली ना? मग हाड मोडलेलं नाही." ही परीक्षा इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीनं घेतली जाते की तिच्याविरुद्ध लिहायलाच हवं.

पायाची बोटं वर-खाली करणारे मोठे स्नायू पोटरीत आणि नडगीच्या बाजूला असतात. त्यांच्या दोऱ्या घोट्यावरून पुढे बोटांपर्यंत जातात. बाहेरच्या घोट्याचं हाड मोडलं तरी या दोऱ्या तुटत नाहीत, त्यामुळे बोटं खुशाल हलतात. "चालत घरी आला, म्हणजे काही नाही" हेही तसंच फसवं आहे. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, जाड टिबिया म्हणजे आपली नडगी आणि तिच्या बाहेरच्या अंगाला बारीक फिब्युला. शरीराचा बहुतेक भार टिबिया पेलते, म्हणून फिब्युला मोडूनही माणूस लंगडत स्टेशन गाठू शकतो. सुजेवरूनही निकाल लागत नाही. लिगामेंट फाटलं तरी रक्त साचून अंड्याएवढी सूज येते, आणि हाडाला बारीक चीर असेल तर सूज बेताचीच असू शकते.

मग ओळखायचं कसं? कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील या आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. पाय मुरगळलेल्या जवळपास प्रत्येकाचा एक्स-रे निघत होता आणि त्यातल्या पंधरा टक्क्यांहून कमी लोकांना फ्रॅक्चर निघत होतं. स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 750 प्रौढ रुग्णांमध्ये तपासणीच्या 32 खुणा नोंदवल्या आणि फ्रॅक्चर सुटू न देता कमीत कमी किती खुणांवर भागेल ते शोधलं. 1992 साली ते प्रसिद्ध झालं आणि आज जगभर ते 'ओटावा घोटा नियम' म्हणून वापरतात. सूज, काळंनिळं पडणं, 'कट्' असा आवाज येणं यांतलं काहीही त्या नियमात उरलं नाही. उरल्या फक्त दोन गोष्टी: हाडावर ठरावीक जागी दाबल्यावर दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का.

त्यातली दाबायची जागा मला या नियमातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. नियम सांगतो की घोट्याच्या हाडाची मागची कड दाबा, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत. दुखतं तर बहुधा पुढच्या बाजूला. मग मागचीच कड का?

पाऊल आत वळतं तेव्हा ताण बाहेरच्या बाजूवर येतो. बाहेरचा घोटा म्हणून जो उंचवटा हाताला लागतो, ते फिब्युलाचं खालचं टोक. त्याच्या पुढच्या कडेवरून एक लिगामेंट निघून पुढे, पावलाच्या मुळाशी असलेल्या टॅलस नावाच्या हाडाला जाऊन मिळतं. मुरगळताना सर्वांत आधी हेच फाटतं. जोर अधिक असला की टोकापासून टाचेच्या हाडाकडे उतरणारं दुसरं लिगामेंटही जातं. म्हणून साध्या मुरगळीत घोट्याच्या पुढे आणि खाली दुखतं, आणि तिथे कुणी नुसतं बोट टेकवलं तरी माणूस ओरडतो. तिसरं लिगामेंट मागे आहे खरं, पण ते हाडाच्या आतल्या अंगाला खोलवर चिकटलेलं असतं, आपलं बोट तिथे पोचत नाही. मागच्या कडेवर बोट ठेवलं की खाली लागतं ते हाड. तिथे दाबल्यावर दुखलं तर 'लिगामेंट दुखावलं असेल' एवढ्यावर थांबता येत नाही.

आता हाड कसं मोडतं ते पाहू. पाऊल जमिनीवर अडकलेलं असतं आणि वरचं शरीर त्याच्यावर फिरतं. त्या पिळानं टॅलस फिब्युलाला बाहेर आणि मागे ढकलतो आणि फिब्युला तिरपी चिरते. या नेहमीच्या प्रकारात चीर पुढच्या बाजूला खाली, सांध्याच्या पातळीवर सुरू होते आणि मागे वर चढत जाते. म्हणजे तिचं पुढचं टोक नेमकं तिथे असतं जिथे लिगामेंटही दुखत असतं, सुजेत पूर्ण लपलेलं. मागचं टोक मात्र काही सेंटिमीटर वर, मागच्या कडेला बाहेर पडतं. तिथे लिगामेंटच्या दुखण्याची सरमिसळ नसते. सहा सेंटिमीटरचा पट्टा दाबून पाहण्यामागचं शरीरशास्त्र हे आहे.

दाबताना चोळायचं नाही. अंगठ्याच्या पेरानं हाडावर सरळ दाब द्यायचा. सुरुवात वरून करायची, टोकाच्या चार बोटं वरपासून, आणि मागच्या कडेनं अर्ध्या-अर्ध्या इंचानं टोकापर्यंत उतरायचं. सुजलेल्या, दुखऱ्या भागापासून सुरुवात केली तर माणूस आधीच धसका घेतो आणि मग सगळीकडेच 'दुखतंय' म्हणतो. बाहेरच्यासारखीच आतल्या घोट्याचीही मागची कड आणि टोक तपासायचं.

दुसरी खूण चार पावलांची. दोन्ही पायांवर आलटून पालटून भार देत चार पावलं टाकता आली पाहिजेत. लंगडत टाकली तरी चालतात, वेदना झाली तरी चालते. विचारायचं मात्र दोन वेळेबद्दल: पडल्यावर लगेच टाकता आली का, आणि आता तपासताना टाकता येतात का. दोन्ही वेळा आली नाहीत तर एक्स-रे.

हे सगळं घोट्याबद्दल झालं. पण मुरगळलेल्या पायात हाड मोडतं ते काही वेळा घोट्यात नसतंच. डोंबिवलीहून दादरला कामाला येणाऱ्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. सकाळी पुलाच्या शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला. कठडा धरून त्या उठल्या, लंगडत ऑफिसला गेल्या, संध्याकाळी तपासायला आल्या. सूज बाहेरच्या घोट्याच्या पुढे आणि खाली. चार पावलं तेव्हाही टाकली होती, आताही टाकली. फिब्युलाची मागची कड वरून खाली दाबली, काही नाही. टोक, काही नाही. आतला घोटा, काही नाही. इथवर पाहिलं तर घोट्याच्या एक्स-रेची गरज नव्हती.

पण नियमाचा दुसरा भाग पावलाच्या मधल्या भागासाठी आहे आणि त्यात दोन जागा आहेत. एक पावलाच्या आतल्या बाजूला, आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली लागणारं नॅव्हिक्युलर हाड. ते दुखलं नाही. दुसरी जागा बाहेरच्या कडेला. करंगळीपासून टाचेकडे बोट सरकवत आणलं की साधारण अर्ध्या वाटेवर एक टेंगूळ लागतं. करंगळीमागच्या लांब हाडाचं, म्हणजे पाचव्या मेटाटार्सलचं, ते बूड. तिथे दाबताच बाईंनी पाय झटकन मागे घेतला. म्हणून एक्स-रे पावलाचा काढला आणि त्यात बुडाचा छोटा तुकडा सुटलेला दिसला. या टेंगळाला पोटरीच्या बाहेरच्या बाजूचा एक स्नायू आपल्या दोरीनं चिकटलेला असतो आणि तळव्याचा एक जाड पट्टाही. पाऊल अचानक आत वळलं की हे दोन्ही ताणले जातात. दोरी तुटण्याऐवजी खुंटीच उपटून यावी तसा हाडाचा तुकडा निघतो. फक्त घोट्याचा एक्स-रे काढला असता तर ही जागा फिल्मच्या कडेला गेली असती किंवा फिल्ममध्ये आलीच नसती.

असा सुटलेला छोटा तुकडा सहसा कडक तळव्याच्या बुटात, सोसेल तेवढा भार देत, काही आठवड्यांत जुळतो. पण त्याच हाडावर दीडेक सेंटिमीटर पुढे फ्रॅक्चर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रक्तपुरवठा कमी असल्यामुळे हाड जुळायला वेळ लागतो, कधी ऑपरेशन करून स्क्रू बसवावा लागतो. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांनी नाचताना स्वतःचाच पाय असा मोडून घेतला आणि 1902 साली त्यावर लेख लिहिला. त्या फ्रॅक्चरला आजही त्यांचंच नाव आहे.

नियमाचा अर्थ लावताना एक गल्लत होते. या खुणा सापडल्या म्हणजे फ्रॅक्चर आहे, असं नियम म्हणत नाही. खूण सापडलेल्यांपैकी बहुतेकांचा एक्स-रे चांगलाच निघतो. मागच्या कडेला लागून स्नायूंच्या दोऱ्या जातात, टोकाजवळ लिगामेंट असतं, म्हणून कधी हाड शाबूत असूनही दुखतं. नियमाची ताकद उलट्या दिशेनं आहे: एकही खूण नसेल तर महत्त्वाचं फ्रॅक्चर असण्याची शक्यता फार कमी. 2003 साली सुमारे साडेपंधरा हजार रुग्णांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा खुणा नसलेल्यांमध्ये फ्रॅक्चर दोन टक्क्यांहूनही कमी लोकांना निघालं. नियम पाळला की साधारण तीस ते चाळीस टक्के एक्स-रे वाचतात.

इथे मालिशवाल्यांबद्दल आणि 'पायाळू' माणसाकडून पाय उतरवून घेण्याबद्दल बोललंच पाहिजे. जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून कुणाच्या पायात लचक काढायची शक्ती येत नाही. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप कातडी फाटलेली नसेल तर लावा, हाडाचं त्यानं काही बिघडत नाही. पण मुरगळलेला पाय ओढून, पिळून, 'कट्' आवाज काढून 'बसवणं' धोक्याचं आहे. जागेवर असलेली चीर त्या पिळानं सरकू शकते, आणि प्लास्टरवर भागणारं दुखणं प्लेट-स्क्रूपर्यंत जाऊ शकतं.

नियम कुठे वापरू नये हेही पक्कं आहे. पाऊल वाकडं दिसतंय, हाडाजवळ जखम आहे, बोटं गार, पांढरी किंवा बधिर पडली आहेत, तर दाबत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा. दारू प्यायलेल्या माणसाचं 'दुखत नाही' धरू नये. दुसरीकडे मोठी दुखापत असलेल्याचंही नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना हा नियम लावत नाहीत, आणि दुखापतीला दहा दिवस उलटून गेले असतील तर तो त्यासाठी तपासलेलाच नाही. एकदा पोटरीच्या वरच्या भागातही, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला, फिब्युलावर दाबून पाहावं. घोट्याचा पीळ कधी कधी वर चढून तिथे हाड मोडतो आणि घोट्याच्या एक्स-रेत तो दिसत नाही. खुणा नव्हत्या म्हणून एक्स-रे काढला नाही, पण पाच-सहा दिवसांनी सूज उतरूनही पायावर भार देता येत नसेल, तर पुन्हा दाखवायचं.

सर्वांत जास्त काळजी मधुमेहाच्या जुन्या रुग्णांची. त्यांच्या पायातल्या नसा मंद झालेल्या असतील तर मोडलेल्या हाडावर दाबूनही ते शांतपणे "नाही दुखत" म्हणतात, आणि तशाच पायावर आठवडाभर चालतात. त्यांचा पाय मुरगळून सुजला असेल, गरम लागत असेल, तर दाबण्याची परीक्षा बाजूला ठेवून एक्स-रे काढावा.