जलशुद्धीकरण केंद्र : पावसाळी पाण्यावरील प्रक्रिया (बेळगाव सीमाभाग)

नदी किंवा जलाशयातले कच्चे पाणी पिण्यायोग्य करण्यासाठी त्यावर क्रमाने किलाटन, ऊर्णन, निवळण, गाळण आणि निर्जंतुकीकरण या क्रिया करणारे ठिकाण म्हणजे जलशुद्धीकरण केंद्र. बोलण्यात त्याला ‘फिल्टर हाऊस’ म्हणतात. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल या दोन जलाशयांचे पाणी मिळते. राकसकोपचे पाणी लक्ष्मी टेकडीवर, तर हिडकलचे बसवनकोळ येथे शुद्ध होते. निपाणीला वेदगंगा आणि जवाहर तलाव, खानापूरला मलप्रभा असे बाकीच्या गावांचे आपापले स्रोत आहेत. या सर्व नद्यांना सह्याद्रीच्या पावसाचे पाणी मिळते. घटप्रभा तर चंदगड तालुक्यातल्या ताम्रपर्णीचे पाणी घेऊनच हिडकलला पोचते. उन्हाळ्यात निवळशंख दिसणारे हे पाणी जून-जुलैत तांबडे होऊन येते, आणि केंद्राची खरी परीक्षा तेव्हा होते. या नोंदीत मुख्यतः त्याच पाण्याचा प्रवास सांगितला आहे.

गढूळपणाचा मोठा भाग चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. वाळू बादलीत क्षणात तळाला जाते. पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा मातीचा कण अगदी स्तब्ध पाण्यातही एक मीटर खाली उतरायला सुमारे 12 दिवस घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा कण वर्षानुवर्षे तरंगत राहील. शिवाय या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि आपणहून एकत्र येत नाहीत. म्हणून पाणी नुसते साठवून ठेवून भागत नाही. जिवाणू आणि विषाणूही बहुधा याच कणांना चिकटलेले असतात, त्यामुळे मातीचा कण काढणे हे रोगजंतू काढण्याचेच पहिले पाऊल असते.

किलाटनात हा भार मोडला जातो. त्यासाठी आपल्याकडे प्रामुख्याने तुरटी, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, वापरतात. अलीकडे पॉलीॲल्युमिनियम क्लोराइडचाही (पीएसी) वापर वाढला आहे. तुरटीचे द्रावण पाण्यात पडताच काही सेकंदांत ॲल्युमिनियमचे धनभारित घटक तयार होऊन कणांना बिलगतात आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका धरू लागतो. द्रावण सगळ्या पाण्यात तेवढ्या वेळात पसरावे लागते, म्हणून ते जोरदार खळखळाटाच्या जागी किंवा वेगाने फिरणाऱ्या पंख्याच्या टाकीत सोडतात. हे मिश्रण 30 ते 60 सेकंदांत आटोपते.

याच जागी पावसाळी पाणी अडचण उभी करते. तुरटी पाण्यात आम्ल तयार करते आणि ते पाण्यातल्या बायकार्बोनेटने, म्हणजे क्षारतेने, शोषले जावे लागते. ढोबळमानाने लिटरमागे 1 मिलिग्रॅम तुरटी अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. ताजे पावसाचे पाणी मात्र मऊ आणि क्षारतेने गरीब असते. म्हणजे गढूळपणा सर्वांत जास्त आणि त्यासाठी लागणारी क्षारता सर्वांत कमी, अशी गाठ एकाच आठवड्यात पडते. पाणी तांबडे दिसले की तुरटीचा डोस वाढवायचा, ही केंद्रावरची स्वाभाविक सवय अशा वेळी नेमकी उलटी ठरते.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. दिवसाला 20 एमएलडी, म्हणजे 2 कोटी लिटर, पाणी शुद्ध करणारे एक केंद्र आहे. जुलैतल्या एका सकाळी कच्च्या पाण्याची गढूळता 180 एनटीयू, पीएच 7.1 आणि क्षारता लिटरला फक्त 20 मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेत जार टेस्ट लावतात. एक-एक लिटरच्या सहा चंचुपात्रांत 10, 20, 30, 40, 50 आणि 60 मिलिग्रॅम तुरटी टाकायची, मिनिटाला 100 फेऱ्यांनी एक मिनिट जोरात ढवळायचे, मग 30 फेऱ्यांनी पंधरा-वीस मिनिटे सावकाश, आणि शेवटी अर्धा तास स्थिर ठेवायचे. पहिल्या पात्रात फारसा फरक पडत नाही. दुसऱ्यात बारीक कणी दिसते. तिसऱ्यात पुंजके होतात, पण खाली बसूनही पाणी धुरकट राहते. 40 मिलिग्रॅमला तुरटीने 20 मिलिग्रॅम क्षारता पुरती खाल्लेली असते. त्यापुढे पीएच 5 च्या खाली घसरतो, पुंजका धरत नाही आणि शेवटची दोन पात्रे तिसऱ्यापेक्षा गढूळ दिसतात. ज्याने फक्त डोस वाढवला त्याचे केंद्र या शेवटच्या पात्रांप्रमाणे चालेल: पाणी गढूळ, पीएच पडलेला, आणि विरघळलेले ॲल्युमिनियम थेट नळाकडे निघालेले.

आता दुसरी फेरी चुना घालून करतात. विरलेल्या चुन्याचा 1 मिलिग्रॅम साधारण 1.35 मिलिग्रॅम क्षारता देतो. 15 मिलिग्रॅम चुन्याने क्षारता 20 वरून 40 वर जाते, आणि 40 मिलिग्रॅम तुरटी वापरूनही 20 शिल्लक राहते. या पात्रात भरीव पुंजके धरतात आणि अर्ध्या तासात वरचे पाणी स्वच्छ होते. केंद्राच्या प्रमाणात हा डोस दिवसाला 800 किलो तुरटी आणि 300 किलो चुना इतका भरतो. बाजारातल्या चुन्यात अशुद्धी असते, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त लागतो. चुना आधी आणि तुरटी थोडे अंतर ठेवून नंतर सोडतात. दोन्ही एकाच जागी पडल्यास चुन्याच्या तीव्र द्रावणातच तुरटीचा काही भाग वाया जातो. पीएसी क्षारता बरीच कमी खाते, म्हणून मऊ पाण्याला ती सोयीची. पण तिचाही डोस जार टेस्टनेच ठरवावा लागतो. मुसळधार पावसात गढूळता काही तासांत बदलते, तेव्हा सकाळची एकच टेस्ट दिवसभर धरून चालणे मला धोक्याचे वाटते.

ऊर्णनात हे चिकट कण सावकाश एकमेकांवर आदळवून मोठे केले जातात. आपल्याकडच्या बहुतेक केंद्रांत ऊर्णन आणि निवळण एकाच गोल टाकीत होते. तिला क्लॅरिफ्लॉक्युलेटर म्हणतात. मधल्या भागात पाती मंद फिरतात, तिथे पाणी वीस-तीस मिनिटे राहते, आणि मग बाहेरच्या रुंद कड्यात येऊन दोन-अडीच तास संथपणे कडेच्या पन्हळीकडे सरकते. पाती जोरात फिरली तर बांधलेला पुंजका फुटतो, आणि फुटलेला पुंजका पहिल्यासारखा पुन्हा धरत नाही. तळाचा गाळ फिरत्या खरवड्याने मध्यभागी ओढून ठरावीक वेळाने सोडून द्यावा लागतो. तो साचला तर पन्हळीवरून पुंजके वाहताना दिसतात. निवळलेले पाणी 10 एनटीयूच्या खाली असावे, नाहीतर पुढच्या गाळणीचे हाल होतात. उन्हाळ्यातल्या जवळजवळ स्वच्छ पाण्याची अडचण वेगळी आहे. त्यात कणच इतके विरळ असतात की ते एकमेकांना भेटत नाहीत आणि पुंजका वाढत नाही.

जलद वाळू गाळणीत साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूचा 60 ते 75 सेंटिमीटर थर असतो आणि त्याखाली गोट्यांचा. पाणी त्यातून तासाला सुमारे 5 मीटर वेगाने खाली झिरपते. वाळूच्या कणांमधल्या फटी मातीच्या कणापेक्षा शंभरपटीने रुंद असतात. म्हणजे गाळणी चाळणीसारखी अडवत नाही, तर चिकट झालेला कण वाळूला बिलगतो. त्यामुळे किलाटन बिघडले की वाळू कितीही चांगली असली तरी गढूळ पाणी तिच्यातून सरळ निघून जाते. गाळणी ‘फेल’ झाली असे वाटते तेव्हा मी आधी तुरटीची टाकी पाहायला सांगेन. थर भरत आला की पाणी उतरायला अडथळा वाढतो. तो सुमारे दोन मीटर पाण्याच्या उंचीएवढा झाला किंवा बाहेर पडणारे पाणी धूसर होऊ लागले, की बॅकवॉश करतात. आधी हवा सोडून थर सैल करायचा, मग उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायचे. धुवून झाल्यावर पहिली काही मिनिटे गाळलेले पाणी जास्त गढूळ येते. ते साठवणीत न घेता वाहू द्यावे, पण टंचाईच्या दिवसांत नेमकी हीच पायरी गाळली जाते. वाळूत मातीचे गोळे तयार झाले किंवा धुताना एका कोपऱ्यातच बुडबुडे उसळले, तर धुणे अपुरे पडत आहे किंवा खालची जाळी तुटली आहे असे समजावे.

शेवटी क्लोरीन. मोठ्या केंद्रांत तो टनरमधून वायुरूपात देतात, लहान गावांत ब्लीचिंग पावडर वापरतात. क्लोरीनचा काही भाग पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याशी आणि अमोनियाशी झगडण्यात संपतो, आणि उरलेलाच जंतू मारतो. वरच्या उदाहरणात लिटरला 2 मिलिग्रॅम डोस दिला, त्यातला दीड संपला, तर अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरतो, आणि दिवसाला 40 किलो क्लोरीन लागतो. पाण्याला त्याच्याबरोबर किमान अर्धा तास मिळायला हवा, म्हणजे साठवण टाकीत निदान 4.2 लाख लिटर पाणी असायला हवे. टाकी त्याहून खाली गेली असेल, तर डोस बरोबर असूनही काम अपुरे होते. पीएचही इथे आडवा येतो. 7.5 पीएचला क्लोरीनचा निम्मा भाग जोमदार रूपात असतो, 8.5 ला जेमतेम दहावा. किलाटनासाठी घातलेला चुना जास्त झाला की त्याची किंमत इथे मोजावी लागते. आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत. ते पकडायला गाळणीच लागते. क्लोरीन वायू हवेपेक्षा अडीचपट जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. अमोनियाचा बोळा जवळ नेताच पांढरा धूर दिसला, तर गळती तिथेच आहे.

भारतीय मानक आयएस 10500 नुसार (2012) पिण्याच्या पाण्याची गढूळता 1 एनटीयू असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर 5 पर्यंत चालते. शिल्लक क्लोरीन ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असायला हवा. या शेवटच्या आकड्याचा खरा कस पाणी एक-दोन दिवसांआड सोडण्याच्या पद्धतीत लागतो. वाहिनी रिकामी असताना तिच्यातला दाब शून्यावर येतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. बेळगावच्या काही प्रभागांत 2008 पासून चोवीस तास पाणी सुरू झाले, त्याचा एक मोठा फायदा वाहिनीत कायम दाब राहणे हा आहे. जिथे ती सोय नाही, तिथे पाणी सुटल्यावर पहिली धार वाहू देऊन मगच भरावे. डीपीडीची गोळी टाकून नळाचे पाणी गुलाबी होते का, हे टोकाच्या गल्लीतल्या घरी तपासावे. रंग अजिबात आला नाही, तर मधल्या वाहिनीत काहीतरी मिसळते आहे किंवा क्लोरीन वाटेत संपला आहे. ते कोणत्या टप्प्यावर घडते हे टाकीपासून एक-एक नळ तपासत गेल्यास कळते.