सातारा जिल्ह्याची सरासरी आणि माणचा पाऊस

पावसाळा संपत आला की एक बातमी हमखास येते: 'सातारा जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस'. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण-खटावच्या पानावर टँकर सुरू करण्याची मागणी असते. वाचणाऱ्याला वाटतं, यातलं एक कुणीतरी खोटं बोलतंय. प्रत्यक्षात दोन्ही बातम्या खऱ्या असू शकतात. शाळेत आपण सरासरी, मध्यक आणि बहुलक यांची सूत्रं पाठ केली, गुण मिळवले आणि पुढे गेलो. पण ही तीन माणसं एकाच गर्दीकडे पाहून तीन वेगळ्या गोष्टी का सांगतात, आणि त्यातलं कोण कधी फसवतं, हे त्या सूत्रांत दिसत नाही. ते पाहायला सातारा जिल्ह्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा, तिथे अरबी समुद्रावरून आलेले ढग वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. माथा ओलांडून पूर्वेला उतरणाऱ्या हवेत फारसं पाणी उरलेलं नसतं. म्हणून महाबळेश्वरपासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यातल्या दहिवडीत पाऊस दहा-बारा पटींनी कमी पडतो. हिशेब सोपा जावा म्हणून मी पुढे ठोकळ आकडे घेतो. ही अधिकृत नोंद नाही, पण जिल्ह्याचं चित्र साधारण असंच आहे.

वर्षाचा पाऊस मिलिमीटरमध्ये: महाबळेश्वर ५५००, पाटण १६००, जावळी १६००, सातारा १०००, वाई ७५०, कराड ७००, कोरेगाव ६५०, खंडाळा ५५०, खटाव ५००, फलटण ४५०, माण ४५०.

बेरीज होते १३,७५०. अकराने भागलं की सरासरी १२५०. आता हा आकडा घेऊन यादीत शोधा. १२५० मिलिमीटर पाऊस कुठल्याच तालुक्यात पडत नाही, त्याच्या आसपासही कुणी नाही. तीन तालुके त्याच्या वर, आठ तालुके खाली. ज्याला आपण 'जिल्ह्याचा पाऊस' म्हणतो, तो जिल्ह्यातल्या कुणाच्याच शेतात पडलेला नसतो.

असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण सरासरीचा सगळा स्वभाव त्यात आहे. प्रत्येक तालुका १२५० पासून किती दूर आहे ते मोजा. महाबळेश्वर ४२५० ने वर, पाटण आणि जावळी प्रत्येकी ३५० ने वर. वरच्या बाजूची बेरीज ४९५०. खालच्या बाजूला साताऱ्याची तूट २५०, वाईची ५००, कराडची ५५०, कोरेगावची ६००, खंडाळ्याची ७००, खटावची ७५०, फलटण आणि माणची प्रत्येकी ८००. यांचीही बेरीज ४९५०. हा योगायोग नाही. सरासरी म्हणजे नेमकी ती जागा, जिथे वरची सगळी वाढ आणि खालची सगळी तूट तराजूच्या दोन पारड्यांसारखी समान होते. एका पारड्यात एकटं महाबळेश्वर ४२५० घेऊन बसलं, म्हणून दुसऱ्या पारड्यात आठ तालुके बसवावे लागले. सरासरी डोकी मोजत नाही, अंतरं मोजते. एक टोकाचा आकडा तिला हवं तिकडे ओढून नेतो.

मध्यक याच्या उलट फक्त डोकी मोजतो. अकरा तालुके उतरत्या क्रमाने उभे केले की सहावा येतो कराड, म्हणून मध्यक ७००. पाच तालुके त्याच्या वर, पाच खाली. महाबळेश्वरला ५५०० ऐवजी ८००० पडला तरी मध्यक तसूभर हलणार नाही, कारण महाबळेश्वर रांगेत पहिलं होतं आणि पहिलंच राहिलं. एखाद्या केंद्रावरच्या माणसाने ४५० ऐवजी चुकून ४५ लिहिलं तरी मध्यकाला फरक पडत नाही, सरासरी मात्र लगेच घसरते. म्हणून हल्ली बरेच लेखक सांगतात की सरासरी सोडा, मध्यक वापरा. घरांच्या किमती, पगार, जमिनीची मालकी अशा ठिकाणी हा सल्ला योग्यही आहे.

पण आता माझं आवडतं गणित पाहा. समजा, एका वर्षी महाबळेश्वरला नेहमीपेक्षा २० टक्के जास्त पाऊस झाला, म्हणजे ५५०० ऐवजी ६६००. त्याच वर्षी कोरेगाव, खंडाळा, खटाव, फलटण आणि माण या पाच तालुक्यांत ४० टक्के तूट आली. कोरेगाव ३९०, खंडाळा ३३०, खटाव ३००, फलटण २७०, माण २७०. बाकी पाच तालुके जसेच्या तसे. खरिपाची बाजरी करपली, जनावरांना चारा नाही, विहिरींना पाझर नाही. जिल्ह्याचा जवळपास अर्धा भाग संकटात आहे.

सरासरी काढा. पाच तालुक्यांनी मिळून गमावले १०४० मिलिमीटर, एकट्या महाबळेश्वरने कमावले ११००. नवी बेरीज १३,८१०, सरासरी १२५५. म्हणजे नेहमीच्या १००.४ टक्के. हवामान खात्याच्या पद्धतीत उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांच्या आतला पाऊस 'सामान्य' धरला जातो, तेव्हा हे वर्ष सामान्यच नव्हे, किंचित चांगलं ठरेल.

मग मध्यक काढा. ६६००, १६००, १६००, १०००, ७५०, ७००, आणि त्याखाली ३९० पासून २७० पर्यंतचे पाच. सहावा अजूनही कराड, मध्यक अजूनही ७००. ज्या मध्यकाला आपण सरासरीपेक्षा प्रामाणिक समजत होतो, त्यालाही दुष्काळ दिसला नाही. जो गुण त्याला महाबळेश्वरच्या ओढीपासून वाचवतो, त्याच गुणामुळे तो रांगेच्या तळाकडे पाहत नाही. माणमध्ये २७० पडला काय किंवा शून्य पडला काय, मध्यकासाठी माण म्हणजे 'कराडच्या खालचा एक'.

राहिला बहुलक, म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा आकडा, ज्याला पाठ्यपुस्तकात सर्वांत कमी जागा मिळते. पावसाचे आकडे तंतोतंत पुन्हा क्वचितच येतात, त्यामुळे दोनशे-दोनशेचे गट पाडून सर्वाधिक गर्दीचा गट शोधावा लागतो. नेहमीच्या वर्षी ४०० ते ६०० या गटात चार तालुके आहेत: खंडाळा, खटाव, फलटण, माण. ही सर्वांत मोठी गर्दी. दुष्काळाच्या वर्षी ही गर्दी उठून २०० ते ४०० मध्ये जाते आणि तिच्यात कोरेगावही सामील होतो, पाच तालुके. तिघांपैकी फक्त बहुलक ठळकपणे हलला. जिल्ह्यात काहीतरी बिघडलंय हे फक्त त्याने सांगितलं.

म्हणून बहुलकावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असंही नाही. गट किती रुंद घ्यायचे हे आपण ठरवतो आणि उत्तर त्यावर बदलतं. दोनशेऐवजी पाचशेचे गट घेतले, तर नेहमीच्या वर्षी सर्वांत मोठी गर्दी ५०० ते १००० मध्ये दिसते, आणि फलटण व माण त्या गर्दीच्या बाहेर पडतात. गट न पाडता नुसता पुन्हा आलेला आकडा शोधला तर ४५० आणि १६०० अशी दोन उत्तरं येतात, आणि ती मी आकडे ठोकळ केले म्हणूनच येतात. कुणी बहुलक सांगितला की गटाची रुंदी विचारायलाच हवी.

यावर कुणी म्हणेल, मग सरासरी फेकूनच द्या. तसं मुळीच नाही. कोयना धरणाचं उदाहरण घ्या. त्याची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. पावसाळ्यात रोजच्या बातमीत कोयना, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचा पाऊस दिलेला असतो, कारण ही ठिकाणं धरणाच्या पाणलोटात आहेत. इथे मध्यक घेतला तर तिन्हींतल्या सर्वांत जास्त पावसाचा आकडा निष्प्रभ होईल, पण तिथे पडलेलं जादा पाणी खरोखर वाहत धरणात येणार आहे. जिथे प्रश्न एकूण साठ्याचा असतो, तिथे बेरीज लागते आणि बेरजेशी इमान फक्त सरासरीच राखते. तीही शक्यतो क्षेत्रफळाचं वजन देऊन काढलेली. आपल्या अकरा तालुक्यांच्या हिशेबात लहानशा महाबळेश्वर तालुक्याला आणि भल्यामोठ्या माणला सारखंच वजन दिलं होतं, तिथेच सरासरी आणखी वर फुगली. शिवाय पाटणचं पाणी धरणात साठतं तसं माणचं शेत महाबळेश्वरच्या पावसाने भिजत नाही. शेतकऱ्याच्या प्रश्नाला बेरीज लागूच पडत नाही.

एकाच ठिकाणच्या अनेक वर्षांचा हिशेबही असाच चकवतो. समजा, कोरड्या भागातल्या एका गावात पाच वर्षांत ३००, ३५०, ४००, ४२० आणि ७८० पाऊस झाला. शेवटच्या वर्षी परतीच्या पावसाने झोडपलं होतं. सरासरी ४५०, मध्यक ४००. पाचपैकी चार वर्षं 'सरासरीपेक्षा कमी' निघतात. मग गावात बोललं जातं की देवाचा कोप आहे, पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही. पाऊस खरंच घटला आहे का, हे दीर्घ नोंदी तपासून ठरवायचं असतं. पण कमी पावसाच्या भागात एखादं अतिवृष्टीचं वर्ष सरासरी वर उचलत असल्याने, निम्म्याहून जास्त वर्षं तिच्या खाली जाणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. त्यात कोपाचा संबंध नाही. पंचांगात नक्षत्राचं वाहन पाहून सांगितलेला 'मध्यम पाऊस' तर याहून निरुपयोगी. बेडूक असो वा म्हैस, एकच वाहन महाबळेश्वरला आणि माणमधल्या म्हसवडला लागू करणाऱ्या भाकिताकडे पाहून पेरणी ठरवू नये.

हीच सावधगिरी वैज्ञानिक अंदाजाच्या मथळ्यांबाबतही हवी. एप्रिल २०२४ मध्ये हवामान खात्याने मान्सूनचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या १०६ टक्के राहील असं सांगितलं. तो अंदाज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा, संपूर्ण देशाचा एकत्रित होता, आणि देशाची ती सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. खात्याने त्यात चूक काही केली नाही. पण 'यंदा १०६ टक्के' हे वाक्य बियाण्याच्या दुकानात पोचतं तेव्हा 'देशभर' हा शब्द वाटेत गळालेला असतो.

शासनालाही हा प्रश्न २०२३ च्या कमी पावसात सोडवावा लागला. राज्यात आधी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, साताऱ्यातले वाई आणि खंडाळा त्यात होते. नंतर त्या तालुक्यांबाहेरची, पाऊस कमी झालेली हजाराहून अधिक महसूल मंडळं दुष्काळसदृश ठरवली गेली. तालुक्याचा एकच आकडा काढला की त्याच्या पोटातलं कोरडं मंडळ ओल्या मंडळाआड झाकलं जातं, हाच महाबळेश्वर-माणचा खेळ लहान प्रमाणात. मंडळाच्या पातळीवर आल्यावर तो पुष्कळ कमी होतो, संपत मात्र नाही. मंडळात बहुतेक वेळा एकच पर्जन्यमापक असतो, वळवाची सर दोन-चार किलोमीटरवर थांबते, आणि डोंगराच्या पलीकडच्या गावाचा पाऊस त्या भांड्यात कधीच मोजला जात नाही.